बानू मॅडमचा नववा दिवस

बानू मॅडम भांडखोर आहेत असं आमच्या कॉलेजात सगळेच म्हणतात, आणि म्हणणारे सगळे त्यांच्याशी एकदा तरी भांडून हरलेले आहेत. त्यात मीही आलो. मी इतिहास शिकवतो, त्या गणित. स्टाफरूममध्ये आमची टेबलं समोरासमोर. मी मोठ्याने बोलतो, त्या हळू बोलतात, आणि तरी शेवटचा शब्द त्यांचाच असतो. याचा मला फार राग येतो.

मॅडम मूळच्या घोडेगावच्या. त्यांचे वडील कादरभाई जनावरांच्या बाजारात म्हशींचे दलाल. गणित कोणी शिकवलं असं विचारलं की मॅडम सरळ वडिलांचं नाव सांगतात. बाजाराच्या दिवशी कादरभाई म्हशी बांधायचे. आधी कोणाचं कोणाशी पटत नाही ते बघायचे, मगच दावणी ठरवायचे. शिंगं मारणाऱ्या दोघी एका दावणीला कधीच नाहीत. "किती जनावरं आहेत त्यावर दावणी ठरत नाहीत सर, कोणाचं कोणाशी जमत नाही त्यावर ठरतात," असं मॅडम मला म्हणाल्या, तेव्हा मी म्हणालो की आपल्या स्टाफला मग एक दावण पुरायची नाही. त्या हसल्या नाहीत. चेष्टा कळते त्यांना, पण हसायची वेळ त्या स्वतः ठरवतात.

आमचं कॉलेज पाथर्डी तालुक्यातलं, आणि स्वायत्त. म्हणजे परीक्षेचं वेळापत्रक आमचं आम्हीच करायचं, आणि त्यावर परीक्षा अधिकाऱ्याची सही लागते. या अधिकारी म्हणजे बानू मॅडम. हे काम कोणालाच नको असतं. पूर्वी ते सोपं होतं: पहिल्या वर्षाचा एक पेपर, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा एक, ठेवा ओळीने. नवं शैक्षणिक धोरण आलं आणि कलाशाखेची पोरं हिशेबशास्त्र घेऊ लागली, वाणिज्यवाली मानसशास्त्र, विज्ञानवाली आणखी तिसरंच काही. त्यात मागच्या वर्षांचे राहिलेले पेपर. आमच्याकडे पेपर राहतात ते अभ्यास नसतो म्हणून कमी आणि ऊस तोडायला जावं लागतं म्हणून जास्त. पोरगं नाव तिसऱ्या वर्षाला लावतं, आणि त्याचा एक पेपर दुसऱ्या वर्षाचा असतो, एक पहिल्या वर्षाचा.

मग एकाच वेळी एकाच मुलाचे दोन पेपर यायचे. त्यावर कॉलेजात एक जुनी युक्ती होती. मुलाने सकाळी एक पेपर द्यायचा, आणि इतरांचा सकाळीच झालेला दुसरा त्याला फुटू नये म्हणून दुपारपर्यंत त्याला ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसवून ठेवायचं, दाराबाहेर शिपाई. मोबाईल नाही, कोणाला भेटणं नाही, कोणी आणून दिला तर वडापाव. मग दुपारी दुसरा पेपर. मुलं त्या खोलीला कोंडवाडा म्हणायची. एका वर्षी तिथे एक मुलगी चक्कर येऊन पडली. बानू मॅडमनी परीक्षा विभाग घेतला तोच या अटीवर की कोंडवाडा बंद. एका वेळी एकाला एकच पेपर, आणि यात सवलत कोणालाच नाही.

गेल्या ऑक्टोबरात हीच अट आडवी आली.

आमच्या संस्थेचा अमृतमहोत्सव होता. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी कार्यक्रम, कॉलेजच्याच आवारात. संस्थेचे सचिव आबासाहेब यांनी प्राचार्यांना सांगून टाकलं की परीक्षा आदल्या दिवशी संपली पाहिजे. दिवस मोजले तर आठ. आधी सुरू करावी तर शिकवण्याचे सक्तीचे दिवस भरत नव्हते. नंतर घ्यावी तर सुट्टी लागत होती, आणि सुट्टी संपेपर्यंत ऊसतोड टोळ्यांचे ट्रक हललेले असतात. दिवसाला पेपरची एकच वेळ, कारण दुपारी त्याच वर्गांत ज्युनियर कॉलेज भरतं. म्हणजे सगळे पेपर आठ वेळांत बसवायचे.

"बसत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "नऊ लागतील."

प्राचार्य भागवत सर मनाने वाईट नाहीत. फक्त आबासाहेबांचा फोन आला की ते खुर्चीतून उठून बोलतात. ते म्हणाले, "मॅडम, आपल्या कोणत्याही मुलाला सहाच्या वर पेपर नाहीत. मग सहा दिवस पुरतात. मी तर आठ देतोय."

मला हे अगदी बरोबर वाटलं. स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांना वाटलं. मॅडम उठल्या आणि फळ्यावर तीन ठिपके काढले.

"हे तीन पेपर. मराठी, भूगोल, मानसशास्त्र. एका मुलाला मराठी आणि भूगोल आहे." त्यांनी दोन ठिपक्यांमध्ये रेघ ओढली. "दुसऱ्याला भूगोल आणि मानसशास्त्र. तिसऱ्याला मानसशास्त्र आणि मराठी." त्रिकोण झाला. "प्रत्येकाला पेपर दोनच. आता दोन दिवसांत बसवा, सर."

भागवत सरांनी मनातल्या मनात बसवून पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. मीही बसवून पाहिलं. मराठी सोमवारी, भूगोल मंगळवारी, आणि मानसशास्त्र सोमवारी ठेवलं तर तिसरा अडकतो, मंगळवारी ठेवलं तर दुसरा. तिसरा दिवस काढावाच लागतो, कोणालाही तीन पेपर नसताना.

मग मॅडमनी कॉलेजचे सगळे पेपर फळ्यावर मांडले. प्रत्येक पेपर एक ठिपका. दोन पेपरांत एकसुद्धा मूल सामाईक असलं की मध्ये रेघ. शंभर मुलं असली तरी एकच रेघ आणि एक मूल असलं तरी एकच रेघ. मग ठिपक्यांना रंग द्यायचे. एक रंग म्हणजे एक दिवस, आणि रेघेच्या दोन टोकांना सारखा रंग चालत नाही. गणितवाले याला आलेखाचं रंगकाम म्हणतात. डब्यातले रंगीत खडू लवकरच संपले, तेव्हा त्या वार-तारीख लिहायला लागल्या. फळा आमच्या पाथर्डीच्या स्टँडवर सुट्टीच्या दिवशी असते तसल्या गर्दीचा झाला, पण त्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून थांबल्या.

"हे नऊ बघा. या नऊ पेपरांत प्रत्येकाची प्रत्येकाशी रेघ आहे. कोणतेही दोन उचला, ते दोन्ही असलेलं मूल आपल्याकडे आहे. दिवस आठ. म्हणजे यातले कुठलेतरी दोन एका दिवशी येणार, आणि ते मूल अडकणार. संगणकाला करायला लावा, मी करते, आबासाहेब करू देत. होणार नाही."

भागवत सरांना हे पटलं नाही. पटलं असतं तर आबासाहेबांना फोन करावा लागला असता ना. त्यांनी कोटाच्या बाह्या सारल्या आणि स्वतः खडू घेतला. ग्रामीण विकास सोमवारी ठेवला, तर इंग्रजीला धडकला. इंग्रजी गुरुवारी सरकवलं, ते अर्थशास्त्रावर गेलं. अर्थशास्त्र शुक्रवारी नेलं, तिथे मानसशास्त्र बसलेलं. पुसत गेले, लिहीत गेले. चहा आला, गार झाला. कोटाची बाही खडूने पार पांढरी झाली तरी नऊ पेपर आठ दिवसांत जाईनात. माणूस प्रामाणिक आहे हे मला त्या दिवशी कळलं, कारण खडू ठेवताना ते म्हणाले, "होत नाही."

पण दुसऱ्याच क्षणी त्यांना एक पळवाट दिसली. ग्रामीण विकास आणि हिशेबशास्त्र या दोन ठिपक्यांमधली रेघ त्यांनी बोटाने दाखवली. "ग्रामीण विकास तिसऱ्या वर्षाचा, हिशेबशास्त्र पहिल्या वर्षाचं. हे दोन्ही कोणाला आहेत?"

"दिशाला. एकटीला."

"ही एक रेघ पुसली तर?"

"तर आठात बसतं," मॅडम म्हणाल्या. खोटं बोलल्या असत्या तर तिथेच संपलं असतं, पण त्यांच्या तोंडून खोटं निघत नाही, निदान गणिताबद्दल तरी.

"मग पुसा की! बाकी पन्नास रेघा आहेत. एका मुलीला एक दिवस मागच्या खोलीत बसवू."

"ती रेघ नाही सर, मुलगी आहे."

दिशाबद्दल सांगायला हवं. पहिल्या वर्षी ती सासरच्या टोळीबरोबर उसाला गेली होती, म्हणून तेव्हा घेतलेलं हिशेबशास्त्र राहून गेलं. आता ती तिसऱ्या वर्षाला होती. नवरा कानिफनाथ, सासू राहीबाई, आणि अंगावर पिणारं लेकरू. यंदा ही परीक्षा पार पडली तर पुढच्या सत्रानंतर पदवी हातात येणार होती. पदवी असली की तलाठ्याची परीक्षा देता येते. ती झाली तर पुढच्या मोसमात ट्रकमध्ये चढावं लागणार नाही, असा तिचा हिशेब होता. सासूचा तर जास्तच. परीक्षेत रोज सकाळी राहीबाई नातवाला घेऊन कॉलेजच्या कडुलिंबाखाली बसायची, आणि पेपर सुटला की दिशा धावत येऊन त्याला छातीशी घ्यायची. कोंडवाड्यात दुपारपर्यंत कोणाला भेटायची मुभा नसते. हे सगळं ठाऊक असूनही भागवत सर म्हणाले, "वरचं दूध पाजेल की एक दिवस."

मी तेव्हा त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिच्यासाठी हिशेबशास्त्राचा वेगळा पेपर काढावा असंही कोणी सुचवलं. पण नवा संच काढायचा, दुसऱ्याने तपासायचा, छापायचा, सीलबंद करायचा, आणि हिशेबशास्त्राचे सर तासिकेवरचे, ते नोकरी सोडून गेलेले. तो रस्ताही बंद होता.

गोष्ट दिशाच्या कानावर गेलीच. लेकराला खांद्यावर टाकून ती स्टाफरूमच्या दारात आली.

"मॅडम, माझ्यामुळं भांडण नका करू. बसते मी त्या खोलीत. न्हाईतर हिशेबशास्त्र सोडते. पुढं बघू."

मॅडम अशा चिडलेल्या मी आधी पाहिल्या नव्हत्या, आणि त्या माझ्यावर कितीदा चिडल्या आहेत ते मोजलेलं नाही. "पुढं बघू? पुढं कुठे बघणार तू? कारखान्यावर, पाचटात? दिशा, नीट ऐक. तुझे सहा पेपर आहेत, ते तू देणार. वेळा ठरवायचं काम माझं. ते जमलं नाही तर लाज मला वाटली पाहिजे, तुला नाही. तुझी रेघ तू पुसायची नाहीस. जा, अभ्यास कर."

दिशा रडत नव्हती. लेकरू रडत होतं. ती गेल्यावर मॅडमनी सबंध फळा स्वच्छ केला आणि वेळापत्रक लिहायला बसल्या.

त्यांनी काय केलं ते बघा, कारण यात गणितही आहे आणि चिवटपणाही. रेघ पुसली तर आठ दिवसांत बसतं, तेव्हा ती पुसल्यासारखं आधी बसवलं. त्यात ग्रामीण विकास आणि हिशेबशास्त्र एका दिवशी येणारच होते, ते आले. मग त्यातला ग्रामीण विकास एकटा उचलला आणि नवव्या दिवशी ठेवला. बाकी एका पेपरलाही हात लावला नाही. म्हणजे नवव्या दिवशी सबंध कॉलेज लागत नव्हतं. एक वर्ग, तीसेक मुलं, दोन पर्यवेक्षक. नववा दिवस अर्थात शनिवार, महोत्सवाचा.

खाली सही ठोकली आणि वेळापत्रक सूचनाफलकावर लावलं.

संध्याकाळच्या आत आबासाहेब हजर. आम्हाला प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. आबासाहेब मोठ्या आवाजाचे, पांढऱ्या कडक कपड्यांचे, आणि बाईमाणसाशी बोलताना नेहमी बाजूच्या पुरुषाकडे बघणारे. त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाले, "एका ऊसतोडीच्या पोरीपायी संस्थेचा अमृतमहोत्सव अडवणार का ह्या बाई?"

"माझ्याशी बोला," मॅडम म्हणाल्या.

ते वळले. "बरं. परीक्षेला बसणाऱ्या मुलांची ती फाईल दुरुस्त करा. मागचे विषय राहिलेली पोरं त्यातून काढा, मग बघा कसं बसतंय ते. बाकीच्या कॉलेजात असंच करतात."

"हो, बसतं. अडचणीची मुलं काढून टाकली की कोणतंही वेळापत्रक बसतं. मग परीक्षा कोणाची घ्यायची? ज्यांना अडचण नाही त्यांची? सही माझी आहे. मी काढणार नाही."

आबासाहेबांनी प्राचार्यांकडे बघितलं. भागवत सर नेहमीप्रमाणे उठून उभे राहिले, आणि मी मान खाली घातली. पण ते म्हणाले, "आबासाहेब, मी स्वतः करून पाहिलं. आठात होत नाही." आणि खाली बसले. इतक्या वर्षांत त्यांच्याबद्दल मला पहिल्यांदाच प्रेम वाटलं.

"ठीक आहे," आबासाहेब म्हणाले. "कार्यक्रम अकराला सुरू होणार. वर्गात पाहुण्यांची जेवणं आहेत, एकही खोली मिळणार नाही. मांडव आहे, माईक आहे. बघू तुमचा पेपर कसा होतो."

"दहा ते साडेबारा आहे," मॅडम म्हणाल्या. "बघा."

याची किंमत काय असणार हे त्यांना माहीत होतं. महोत्सवानंतर परीक्षा विभाग त्यांच्याकडून काढून घेतला, तोही भर सभेत, आणि त्यांनी विचारलंही नाही का म्हणून. पण ते नंतरचं.

शनिवारी खरोखरच एकही खोली नव्हती. वर्गावर्गात आचारी आणि पातेली. मॅडमनी मुलींच्या विश्रांतीची खोली उघडली, बाकं आम्ही दोघांनी आणि भागवत सरांनी वाहिली. त्या खोलीचं तोंड थेट मांडवात, स्टेजच्या अगदी शेजारी. पेपर दहाला सुरू झाला. मी आत पर्यवेक्षक. दिशा दुसऱ्या बाकावर, मान खाली, लिहितेय. बाहेर पुढच्या ओळीत पाहुण्यांसाठी सोफे मांडलेले, मागे खुर्च्या, आणि खुर्च्यांमागे आसपासच्या गावांहून आणलेली माणसं. त्यात राहीबाई, नातवाला घेऊन.

अकराला माईक सुरू झाला. हॅलो हॅलो झालं, सनई झाली, आणि आबासाहेबांचा आवाज चार भोंग्यांतून असा घुसला की एका मुलाच्या हातून पेन पडलं. मुलं लिहायची थांबली. दिशाने वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सवय होती, आणि मला तेच सोसवेना.

बानू मॅडम उठल्या, बाहेर गेल्या. मी दारातून बघत होतो. साऊंडवाल्याला त्यांनी शांतपणे सांगितलं, "बंद कर, परीक्षा चालू आहे." त्याने आबासाहेबांकडे बघितलं. मॅडमनी वाट पाहिली नाही. वाकल्या आणि पिन उपटली.

भोंगे गप्प झाले. आबासाहेबांचे ओठ हलत राहिले. मग लक्षात आलं तसे ते स्टेजच्या कडेला आले. "बाई, काय चालवलंय काय? एका पोरीसाठी?"

"आत तीस आहेत. पण एकटी असती तरी."

"लावा ती पिन!"

"साडेबाराला लावते."

हे सगळं बिनमाईकचं, म्हणून पुढच्या ओळींना नीट ऐकू गेलं. कोणीतरी हसलं. पाहुणे घड्याळ बघू लागले. साऊंडवाला हात बांधून उभा, मॅडम पिन हातात घेऊन उभ्या. तेवढ्यात मागून राहीबाईचा आवाज आला. "आबासाहेब, तसंच बोला की! आमी जवळ येऊन ऐकतो. सून आत पेपर लिवती हाय माजी, तिला लई कटकट व्हतीय." आणि ती खरंच उठली, खुर्ची ओढत पुढे आली. तिच्यामागे तिच्या टोळीतल्या बाया. मग बाकीचे. खुर्च्या ओढल्याचा थोडा आवाज झाला, नंतर तोही थांबला.

आबासाहेब बोलले. बोलावंच लागलं. संस्थेचा पंचाहत्तर वर्षांचा इतिहास त्यांनी घशाच्या जोरावर सांगितला, आणि घसा लवकर बसला. पुढचे वक्ते तर शेजारच्याशी बोलावं तसं बोलले. आत मुलं लिहीत होती. मी इतिहासाचा माणूस, पण संस्थेचा इतिहास इतका हळू सांगितलेला मला फार आवडला.

साडेबाराला घंटा झाली. मुलं निघाली. दिशा सगळ्यांत शेवटी, पुरवणीला दोरा बांधून, उत्तरपत्रिका माझ्या हातात देऊन. बाहेर जायला वाट एकच, स्टेजसमोरून. ती मांडवात आली तेव्हा लेकरू राहीबाईच्या हातात भुकेने लाल होऊन रडत होतं. दिशाने त्याला घेतलं, इकडेतिकडे बघितलं, आणि पुढच्या ओळीत उशिरा येणाऱ्या कोणा पाहुण्यासाठी मोकळा ठेवलेला सोफा होता त्यावर बसली. पदर ओढून घेतला. रडणं थांबलं. स्टेजवर आबासाहेब आभार मानायला उभे होते आणि तिला ऊठ म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही, कारण सगळा मांडव तिच्याकडेच बघत होता.

"कसा गेला गं?" राहीबाईने विचारलं.

"सगळा लिवला."

मॅडम वाकल्या. पिन लावली. भोंग्यांतून खरखर झाली.

"पेपर संपला, आबासाहेब," त्या म्हणाल्या. "बोला आता."